पोटाच्या तक्रारी : भाग ६
दूध बंद करून पाहा, पण परतही सुरू करा

गेल्या आठवड्यात जळजळ आणि आंबट ढेकरांचा विचार केला. आज पोटाच्या खालच्या भागाकडे वळू.

समजा, एक पस्तिशीतली शिक्षिका आहे. सकाळी उपाशीपोटी मोठा पेलाभर दूध घेऊन ती शाळेत जाते. दुसऱ्या तासापर्यंत पोटात गुडगुड सुरू होते, साडीची गाठ आवळल्यासारखी वाटते आणि मधल्या सुट्टीत पातळ शौचाला जावं लागतं. सुट्टीच्या दिवशी, दूध न घेता पोहे खाल्ले की काही होत नाही. संशय दुधावर जाणारच. पण संशय आला म्हणजे निदान झालं असं नाही.

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं. बाळपणी ते भरपूर असतं; पुढे बहुतेकांमध्ये कमी होत जातं. हा आजार नव्हे, जगातल्या बहुसंख्य प्रौढांची ही नैसर्गिक अवस्था आहे. न फुटलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, म्हणून शौच पातळ होतं. मोठ्या आतड्यातले जीवाणू ती आंबवतात आणि वायू धरतो. त्रास साधारण अर्ध्या तासापासून काही तासांत सुरू होतो. दूध प्यायल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं ही मात्र ॲलर्जीची लक्षणं. तिथे घरगुती प्रयोग करायचे नाहीत.

आता प्रयोग. शिक्षिकेने दोन आठवडे दूध, चहातलं दूध, बासुंदी, पेढे, आइस्क्रीम आणि दूध पावडर असलेली बिस्किटं बंद करायची. साजूक तूप चालेल, त्यात लॅक्टोज जवळपास नसतं. बाकीचं जेवण नेहमीचंच ठेवायचं. याच वेळी गहू, कांदा आणि उसळीही सोडल्या, तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. रोज एका वहीत दोनच गोष्टी लिहायच्या : पोट किती फुगलं, शौच कसं झालं.

दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर दुधाला दोष देण्याचं कारण उरत नाही. फरक पडला, तर बहुतेक जण इथेच थांबतात आणि जन्मभर दूध सोडतात. मला ही घाई पटत नाही, कारण प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी आहे. जेवणानंतर अर्धा कप, म्हणजे साधारण १०० मिली दूध घ्यायचं. एक दिवस मधे सोडून २०० मिली, उपाशीपोटी. पहिल्या वेळी ठीक आणि दुसऱ्या वेळी गुडगुड झाली, तर आपली मर्यादा कळली. १०० मिली दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि लॅक्टेज कमी असलेल्या अनेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत चालून जातं, विशेषतः जेवणाबरोबर. म्हणजे चहातलं दूध सोडायचं कारण बहुधा नसतं. दोन्ही वेळा काहीच झालं नाही, तर मूळ त्रास एखाद्या जुलाबानंतरचा तात्पुरता असू शकतो. आतड्याचं अस्तर भरून आलं की तो जातो. शंका राहिली तर लॅक्टोजविरहित दूध पिऊन पाहावं. त्यानेही पोट बिघडलं, तर दोषी लॅक्टोज नाही.

दह्याची गोष्ट वेगळी. विरजणातले जीवाणू काही लॅक्टोज आधीच वापरून टाकतात, शिवाय ते स्वतःचं लॅक्टेजसारखं विकर घेऊन आपल्या आतड्यात पोचतात आणि तिथेही काम करतात. दही घट्ट असल्याने पोटातून हळू पुढे सरकतं, तेही सोयीचं. म्हणून दूध न पचणाऱ्याला वाटीभर दही बहुतेक वेळा पचतं. कढी उकळली की मात्र हे जीवाणू मरतात. तिथे ताकात मुळात लॅक्टोज किती कमी झालंय एवढाच काय तो फायदा.

कॅल्शियमची चिंता रास्त आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम हवं, आणि पेलाभर दुधातून त्यातलं साधारण पावभाग मिळतं. त्याच मापाचं दही खाल्लं तर ही तूट जवळपास भरून निघते. ज्यांना दहीही नको, त्यांच्यासाठी नाचणी आहे : ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे २०० मिलिग्रॅम, फक्त ते दुधातल्याइतकं सहज शोषलं जात नाही. तीळ आणि मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खाता येणारी सुकी मासळी यांचीही भर घालावी. पालकावर भिस्त ठेवू नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही.

शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठवलं असेल, तर हा दोन आठवड्यांचा प्रयोग करत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.