अनुभव आठ वर्षांचा, पण कोणत्या मापाने?

टोरांटोतल्या बांधकाम कंपनीत मुलाखतीला बसलेल्या सिव्हिल इंजिनियरला एक प्रश्न हमखास येतो: ‘भारतात तुमच्याकडे नेमकं काय काम होतं?’ उत्तरही बहुतेकांचं ठरलेलं असतं. ‘नामांकित बिल्डरकडे आठ वर्षं साइट सांभाळली. क्वालिटी, बिलिंग, लेबर, सगळं माझ्याकडेच होतं.’ पुण्यात एवढं पुरतं. समोरच्याला तो बिल्डर ठाऊक असतो, त्याच्या इमारती तो येता-जाता बघत असतो, आणि त्या कंपनीत साइट इंजिनियरला किती अधिकार असतात याचा अंदाजही त्याला असतो. टोरांटोतल्या माणसाला यातलं काहीच माहीत नाही. तो उमेदवारावर अविश्वास दाखवत असतो असं नाही. ऐकलेलं मोजायला त्याच्याकडे मापच नसतं. ते माप त्याच्या हाती देणं हे उमेदवाराचं काम.

सुरुवात पदवीपासून करावी लागते, कारण तिथेच गोंधळ जास्त होतो. कॅनडात जाताना बहुतेकांनी वेससारख्या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन करून घेतलेलं असतं. आपली चार वर्षांची बीई तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, एवढंच तो अहवाल सांगतो. इंजिनियर म्हणून काम करण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट आहे. ओंटारिओ प्रांतात तो ‘प्रोफेशनल इंजिनियर्स ओंटारिओ’, म्हणजे पीईओ, ही संस्था देते. परवाना नसताना लोकांचा तसा समज होईल अशा रीतीने स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे पदवी हाती आली की माणूस इंजिनियर होतो, त्यामुळे ‘आय अॅम अ सिव्हिल इंजिनियर’ हे वाक्य सहज तोंडून जातं आणि समोरचा लगेच विचारतो, ‘लायसन्स आहे?’ तिथे अडखळण्यापेक्षा आधीच नीट सांगितलेलं बरं: ‘माझी सिव्हिलची चार वर्षांची पदवी आहे आणि तिचं मूल्यांकन झालेलं आहे. भारतात मी साइट इंजिनियर होतो. इथला परवाना अजून नाही, पीईओकडे अर्ज केला आहे.’ अर्ज केला नसेल तर तसं सांगावं. साइटवरच्या पुष्कळ पदांना, उदाहरणार्थ प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरला, हा परवाना लागतही नाही.

परवान्यासाठी कॅनडातलाच एक वर्षाचा अनुभव हवा, ही पीईओची जुनी अट मे २०२३ मध्ये गेली. एकूण ४८ महिन्यांच्या अनुभवाची अट आहे, पण तो परदेशातला असला तरी चालतो. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून ओंटारिओत २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅनडातला अनुभव आवश्यक’ असं लिहिता येत नाही. जाहिरातीतून ही ओळ गेली म्हणून मुलाखत घेणाऱ्याच्या मनातली शंका जात नाही. तिचं निरसन तिथे बसूनच करावं लागतं.

टक्क्यांचंही असंच आहे. ‘मला ६८ टक्के, डिस्टिंक्शन’ हे आपल्याकडे अभिमानाने सांगण्यासारखं असलं, तरी कॅनडात ६८ म्हणजे बेताचाच विद्यार्थी असा अर्थ निघतो. त्यामुळे मुलाखतीत टक्के काढूच नयेत. कोणी विचारलंच, तर मूल्यांकनाच्या अहवालातली तिथली श्रेणी सांगावी.

आता अनुभवाकडे वळू. प्रकल्प केवढा होता हे सांगताना बरेच जण रुपयांचे डॉलर करून सांगतात आणि तिथेच नुकसान करून घेतात. मजुरीचे आणि साहित्याचे दर इतके वेगळे आहेत की पुण्यातला मोठा प्रकल्प डॉलरमध्ये केला की टोरांटोतल्या मध्यम कामाएवढा दिसतो. त्यापेक्षा बावीस मजल्यांच्या दोन इमारती, चार लाख चौरस फूट बांधकाम, दर नऊ दिवसांनी एक स्लॅब, साइटवर दीडशे कामगार, असं सांगावं. हे आकडे दोन्हीकडे सारखेच समजतात. फक्त ‘चार लाख’ न म्हणता ‘फोर हंड्रेड थाउजंड’ म्हणायचं. पदनाम सांगितल्यावरही थांबू नये, कारण ‘सीनियर इंजिनियर’ म्हणजे कोण हे दर कंपनीत बदलतं. आपण कोणाच्या हाताखाली होतो, आपल्या हाताखाली कोण होतं, आणि कोणता निर्णय वर न विचारता घेता येत होता, या तीन गोष्टींवरून पद कळतं.

यानंतर ‘असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा कामात मोठी अडचण आली’ असा प्रश्न येतोच. तिथल्या मुलाखतीत अशा प्रश्नांवर फार भर असतो. आपल्याकडच्या तोंडी परीक्षेसारखी व्याख्या विचारण्यापेक्षा उमेदवार प्रत्यक्षात कसा वागला हे त्यांना ऐकायचं असतं. असंच एक उत्तर नमुना म्हणून पाहू. वर सांगितलेल्या साइटवरच्या इंजिनियरचं ते आहे असं धरा.

‘सातव्या मजल्याचे कॉलम एम ४० काँक्रीटचे होते. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब तपासले तेव्हा सरासरी ताकद कमी आली. नऊ दिवसांना एक स्लॅब पडत होता, म्हणजे तोवर वर तीन मजले चढले होते. मी त्याच दिवशी पुढचं काँक्रीट थांबवलं. तो अधिकार मला होता. प्रोजेक्ट मॅनेजरला आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी कळवलं. कन्सल्टंटच्या सूचनेनुसार त्या कॉलममधून तीन कोअर काढून प्रयोगशाळेत पाठवले. सरासरी ३६ आली, सगळ्यात कमी ३३. आमच्या आयएस ४५६ प्रमाणे सरासरी ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको, म्हणजे ३४ आणि ३० पुरेसे होते. कन्सल्टंटने कॉलम मान्य केले. मग दोष कुठे होता? क्यूब पहिला दिवसभर उन्हात पडून राहत होते. मी क्यूबसाठी सावलीची जागा केली आणि प्रत्येक क्यूबच्या नोंदीवर सही करणारा एक माणूस नेमला. काम पाच दिवस थांबलं, पण पुढच्या मजल्यांचे निकाल नीट आले.’

हे सांगायला दोन मिनिटं लागतात. त्यात सगळी वाक्यं ‘मी’ने सुरू होत नाहीत, आणि तेच योग्य आहे. काम थांबवणं याचं, कोअर काढायला सांगणं आणि कॉलम मान्य करणं कन्सल्टंटचं. आपल्या बोलण्यात ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय मुरलेली असते. स्वतःचं कौतुक बरं दिसत नाही असं वाटतं. ऐकणाऱ्याला मात्र त्या ‘आम्ही’त उमेदवार कुठे होता हे कळत नाही. याच्या उलट सगळंच ‘मी’ म्हटलं, तर साइट कशी चालते हे जाणणारा लगेच ओळखतो, कारण कॉलम मान्य करायचा अधिकार साइट इंजिनियरला कुठेच नसतो. पाच दिवसांचं नुकसान सांगितल्यानेही उत्तर खरं वाटतं.

या उत्तरात एक जागा मात्र फसवी आहे. एम ४० मधले ४० हे घनाकृती क्यूबवर मोजलेले असतात. कॅनडात ताकद मोजतात ती दंडगोलाकार नमुन्यावर, आणि तेच काँक्रीट त्या नमुन्यावर साधारण आठ दशांश एवढंच भरतं. म्हणजे आपलं ४० तिथल्या सुमारे ३२ च्या बरोबरीचं. हा फरक उमेदवाराने आपणहून सांगितला, तर त्याने दोन्हीकडची मानकं उघडून पाहिली आहेत हे वेगळं सांगावं लागत नाही. कोअरच्या बाबतीत तर गंमत अशी की कॅनडाच्या सीएसए ए२३.१ या मानकातही ८५ आणि ७५ टक्क्यांचीच कसोटी आहे. ‘नियम तुमच्याकडे हाच आहे, फक्त नमुन्याचा आकार वेगळा’ असं म्हणता आलं की पुण्यातला प्रसंग ऐकणाऱ्याच्या ओळखीचा होतो.

यापुढे खरी उणीव येते. ‘हिवाळ्यात काँक्रीट टाकलं आहे?’ पुण्यात काम केलेल्याने टाकलेलं नसतं. ‘लवकर शिकून घेईन’ हे उत्तर सगळेच देतात, त्यामुळे त्याला वजन राहत नाही. ‘नाही’ म्हणून पुढे काय माहीत आहे ते सांगावं. हवेचं तापमान पाच अंशांवर किंवा त्याखाली असेल, किंवा चोवीस तासांत तिथवर उतरण्याची शक्यता असेल, तर तिथल्या मानकाप्रमाणे थंडीतल्या कामाची तयारी लागते: हीटर, उष्णतारोधक ताडपत्र्या, तापमानाच्या नोंदी. मग आपला जवळचा अनुभव जोडावा: ‘मी याच्या उलट टोकाला काम केलं आहे. एप्रिल-मेमध्ये मिक्समध्ये बर्फ घालून, रात्री काँक्रीट टाकून तापमान खाली ठेवावं लागायचं. नोंदी तशाच ठेवत होतो.’ यातून थंडीचा अनुभव सिद्ध होत नाही, आणि तसा आवही आणू नये. किती शिकवावं लागेल याचा अंदाज मात्र समोरच्याला येतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत ही उणीव मुलाखतीआधीच भरून काढता येते. ओंटारिओत बांधकामावर उंचीवरच्या कामासाठी सुरक्षा पट्टा वापरणाऱ्याला ‘वर्किंग अॅट हाइट्स’ हे मान्यताप्राप्त प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते साधारण एका दिवसात होतं आणि तीन वर्षं चालतं. ते आधीच करून आलेला माणूस साइटवर उतरायच्या तयारीने आला आहे हे दिसतं.

घरची माहिती मात्र स्वतःहून देऊ नये. वडील काय करतात, लग्न झालंय का, मूळ गाव कोणतं, हे आपल्याकडे ओळखीचा भाग म्हणून सांगितलं जातं. तिथे नोकरीच्या मुलाखतीत अशा प्रश्नांना मानवी हक्कांच्या कायद्याने मज्जाव आहे. उमेदवारच ते सांगू लागला की समोरचा अवघडतो.

मुलाखत चांगली झाली की कंपनी जुन्या वरिष्ठांना फोन करते. आपल्याकडचं अनुभवपत्र बहुतेक वेळा हुद्दा आणि तारखा यांपलीकडे जात नाही, म्हणून या फोनला महत्त्व असतं. प्रोजेक्ट मॅनेजरला आधी कळवून ठेवावं, टोरांटोत कामाची वेळ असते तेव्हा पुण्यात संध्याकाळ किंवा रात्र असते हेही सांगावं, आणि आपण मुलाखतीत कोणता प्रसंग सांगणार आहोत ते त्यांच्याशी बोलून घ्यावं. काम कोणी थांबवलं, किती दिवस थांबलं, हे त्यांना जसं आठवतं तसंच आपल्या उत्तरात असायला हवं. फोनवर तेही तीन कोअर आणि पाच दिवसच म्हणाले, की ओंटारिओतल्या माणसाला पुण्याची साइट न पाहताही उमेदवाराचं काम कळलेलं असतं.