अनोळखी गिऱ्हाइकाला पत्र

ओळखदेख नसलेल्या माणसाला 'आमचा माल घ्या' असं लिहायचं, म्हणजे बंद दारावर टकटक करण्यासारखंच. पूर्वी हे काम टपालानं व्हायचं, आता ईमेलनं होतं. पाठवायला पैसे पडत नाहीत, म्हणून लोक शंभर जणांना एकच मजकूर पाठवतात आणि शंभर जण तो न वाचता पुसून टाकतात.

माझा भाचा पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. लहानसा कारखाना, आठ माणसं कामाला. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष निर्यातदारांना त्यानं चाळीस ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. द्राक्षांच्या हंगामाचं काम मिळालं नाही तर माणसं कमी करावी लागतील, अशी वेळ आली होती. "मामू, तुम्ही शब्दांची माणसं, जरा भाषा सुधारून द्या," म्हणून तो माझ्याकडे आला. त्याचा मजकूर असा होता:

"महोदय, आमची कंपनी सर्व प्रकारच्या पॅकिंग बॉक्सचे उत्पादन करते. उत्तम दर्जा, वाजवी दर व वेळेवर सेवा ही आमची वैशिष्ट्ये आहेत. सोबत माहितीपत्रक जोडले आहे. कृपया सेवेची संधी द्यावी."

भाषेत चूक काढायला जागा नव्हती. पण मी त्याला एक साधी परीक्षा करायला सांगितली. हाच मजकूर चपलांच्या दुकानदाराला किंवा औषध कंपनीला पाठवला, तर एखादा शब्द बदलावा लागेल का? नाही लागणार. म्हणजे ज्याला लिहिलं तो या पत्रात कुठेच नाही. मग त्यानं ते का वाचावं?

भाच्यानं दुसऱ्या दिवशी नवा मसुदा आणला. त्यात सुरुवातीलाच होतं, "आपली वेबसाइट पाहिली, आपल्या प्रगतीने अत्यंत प्रभावित झालो." हा अभ्यास नव्हे, हा मस्का. वेबसाइट पाहिल्याचा पुरावा असा सांगून देता येत नाही. तिथे जे पाहिलं त्यातून आपण काय समजलो, ते लिहावं लागतं.

मग आम्ही एकच गिऱ्हाईक निवडलं आणि त्याच्या मालाचा प्रवास समजून घ्यायला बसलो. त्या निर्यातदाराच्या वेबसाइटवर लिहिलं होतं की त्यांची द्राक्षं युरोपात जातात, अर्ध्या किलोचे दहा पनेट एका बॉक्समध्ये, म्हणजे पाच किलो. हंगाम जानेवारी ते एप्रिल. छायाचित्रात बॉक्स एकावर एक रचलेले दिसत होते. एवढ्या माहितीवरही पुष्कळ विचार करता येतो.

द्राक्ष तोडल्यावर लगेच थंड करतात आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. घड सुकू नये म्हणून त्या थंड हवेत दमटपणाही भरपूर राखतात, नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त. घडाला ही हवा मानवते, पण पुठ्ठ्याचा जीव तिथंच जातो. कागद दमट हवेतलं पाणी शोषतो आणि मऊ पडतो.

आता हिशेब पाहा. समजा सर्वांत खालच्या बॉक्सवर अठरा बॉक्स आहेत. पॅकिंगसकट एकाचं वजन साडेपाच किलो धरलं तर खालच्यावर जवळजवळ शंभर किलो भार आला. भाच्याचा बॉक्स कोरड्या हवेत तीनशे किलो दाब झेलतो. ऐकायला तिप्पट वाटतं. पण पुठ्ठ्याच्या धंद्यातला ढोबळ अंदाज असा की इतक्या दमट हवेत ताकद निम्म्यावर येते, म्हणजे दीडशे. शिवाय भार महिनाभर सतत राहिला तर पुठ्ठा थकतो, आणि त्यातली साधारण साठ टक्केच ताकद उरते, म्हणजे नव्वद. शंभराच्या ओझ्याखाली नव्वदाचा बॉक्स! तो बसला की आतला घड चेपतो आणि परक्या बंदरात भाव पडतो. 2023 च्या डिसेंबरपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, तेव्हा ही जोखीम आणखी वाढली.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आधी माझाच बॉक्स सुधारायला हवा." हेच खरं. अभ्यास केल्यासारखं दिसायचं असेल तर अभ्यास करावा लागतो, आणि अभ्यासात कधी आपलाच माल उघडा पडतो. त्यानं जाड कागद घेतला, आतला नागमोडी थर बदलला आणि दमट खोलीत भार ठेवून पाहिला. त्यानंतर पत्र लिहिलं. विषयाच्या जागी इतकंच: "कोल्ड स्टोरेजमधल्या खालच्या थराचा बॉक्स". मजकूर असा:

"साहेब, आपण अर्ध्या किलोचे दहा पनेट भरून युरोपला माल पाठवता, असे आपल्या वेबसाइटवर वाचले. त्या प्रवासात बॉक्स तीन-चार आठवडे दमट थंडीत राहतो आणि पुठ्ठ्याची ताकद कोरड्या चाचणीतल्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी होते. आम्ही पाच किलोचा बॉक्स दमट हवेत, शंभर किलो भाराखाली तीन आठवडे ठेवून तपासला आहे. आपल्याला ऑर्डर मागत नाही. वीस बॉक्स विनामूल्य पाठवतो. आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये आपल्या नेहमीच्या बॉक्सशेजारी, तेवढ्याच भाराखाली ठेवा आणि तीन आठवड्यांनी दोन्हींची उंची मोजा. पाठवू का?"

या पत्रात स्वतःची स्तुती नाही. सुरुवात त्यांच्या मालापासून आहे, मधे एकच अडचण आहे आणि शेवटी असा प्रश्न आहे की 'हो' किंवा 'नाही' एवढं उत्तर पुरे. पहिल्या ईमेलला जोडपत्र नको. अनोळखी माणसाची फाइल शहाणा माणूस उघडत नाही.

एक वाक्य मात्र मी खोडायला लावलं. एका ट्रकचालकानं भाच्याला सांगितलं होतं की त्याच पॅकहाऊसमधले खालचे बॉक्स दबतात. भाच्यानं ते उत्साहानं लिहिलं होतं. जे त्यांनी स्वतः जाहीर केलं तेवढंच त्यांच्या नावानं लिहावं. कानावर आलेलं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, हा आपल्या घरात डोकावतो आहे, आणि ट्रकचालकाची रोजीही धोक्यात येते. ती माहिती मनात ठेवावी आणि अडचण सर्वांची म्हणून मांडावी.

वेळेचंही भान हवं. फेब्रुवारीत पॅकहाऊसमध्ये श्वास घ्यायला उसंत नसते आणि बॉक्सची खरेदी ठरून गेलेली असते. ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास लिहिलं तर वीस बॉक्स तीन आठवडे ठेवून पाहायला सवड असते.

असं एक पत्र लिहायला भाच्याचे दोन दिवस गेले, म्हणजे चाळीस जणांना लिहिणं शक्य नाही. त्यानं पाचच नावं निवडली. त्यातला एक निर्यातदार रशियाला माल पाठवणारा निघाला, तेव्हा युरोपचं वाक्य तसंच ठेवून चालणार नव्हतं. नुसतं नाव बदलून तेच पत्र पुढं ढकललं असतं, तर आमच्याच परीक्षेत ते नापास झालं असतं.

पाचांपैकी एकाचं उत्तर आलं, एका ओळीचं: "दमटपणा किती टक्के ठेवला होता?" भाच्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं ही हरकत आहे. मी म्हटलं, अरे, ज्याला माल घ्यायचाच नाही तो असला प्रश्न विचारत नाही. आकडा वहीत लिहिलेला होता. त्यानं तो तसाच कळवला, आणि वीस बॉक्स पिंपळगाव बसवंतला रवाना झाले.