एलयूटी राहिली, म्हणून पैसा बुडत नाही

समजा, पुण्यातल्या एका वेब डिझायनरने जर्मनीतल्या ग्राहकासाठी काम केले आणि पाच लाखांचे बिल पाठवले. निर्यातीवर कर नसतो हे तिला ठाऊक होते, पण कर न भरता निर्यात करायची तर जीएसटी पोर्टलवर आधी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यावे लागते. ते राहून गेले. मग सल्लागाराच्या सांगण्यावरून तिने १८ टक्क्यांनी ९०,००० रुपये आयजीएसटी भरला. जर्मन ग्राहक हा कर देत नाही, तो तिच्याच खिशातून गेला.

एलयूटी न देणे हा गुन्हा नव्हे. आयजीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये सेवा निर्यातदाराला दोन वाटा दिल्या आहेत. एलयूटी देऊन कर न भरता निर्यात करता येते, किंवा कर भरून नंतर परतावा घेता येतो. आपली डिझायनर दुसऱ्या वाटेवर आहे, आणि या वाटेवर एलयूटी लागतच नाही.

मात्र हा परतावा आपोआप येत नाही. मालाच्या निर्यातीत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. सेवेला शिपिंग बिल नसते, त्यामुळे आरएफडी-०१ अर्ज स्वतः भरावा लागतो. त्यासोबत बिलांचे विवरण आणि परदेशातून पैसे आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र, एफआयआरसी, जोडायचे. बिल आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जुळले पाहिजे. पैसे आले नसतील, तर अर्जाला आधारच उरत नाही.

खरी अडचण बहुधा विवरणपत्रात होते. जीएसटीआर-१ मध्ये हे बिल ‘कर भरून निर्यात’ असे दाखवायला हवे आणि जीएसटीआर-३बी मध्ये शून्य दराच्या पुरवठ्याच्या रकान्यात, म्हणजे ३.१(बी) मध्ये. घाईत ते देशांतर्गत विक्रीच्या ३.१(ए) मध्ये गेले, तर कर भरलेला असूनही परताव्याचा दावा अडकू शकतो, कारण निर्यातीवरचा कर म्हणून नोंद सापडत नाही. अर्ज करण्याआधी हे दोन्ही रकाने उघडून पाहावेत.

करापैकी काही रक्कम इनपुट क्रेडिटमधून भरली असली तरी परतावा बँक खात्यात रोख येतो. समजा, ९०,००० पैकी १५,००० क्रेडिटमधून आणि ७५,००० रोखीने गेले, तरी पूर्ण ९०,००० परत मिळतात. करातून सुटका मिळूनही क्रेडिट असे रोखीत बदलते, हा या वाटेचा खरा फायदा आहे. तोटा एवढाच की तोवर पैसा अडकून राहतो.

मुदत दोन वर्षांची. काम आधी आणि पैसे नंतर आले असतील, तर ती पैसे हाती आल्याच्या तारखेपासून मोजतात. आगाऊ पैसे आले असतील, तर बिलाच्या तारखेपासून. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यापुढे उशीर झाला तर ६ टक्के व्याज मिळते.

एलयूटी दर आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावी लागते. पुढच्या वर्षीचे पहिले बिल काढण्याआधी ती भरून टाका, आणि या वर्षीच्या ९०,००० रुपयांसाठी मुदत संपण्याची वाट पाहू नका.