लुटारूच्या अंगावरचं चिलखत

सिरोडिलच्या रस्त्यावर एक लुटारू आडवा येतो आणि जीव वाचवायचा असेल तर शंभर सोन्याची नाणी दे, असं दरडावतो. ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ हा गेम २००६ साली आला, तेव्हा हा प्रसंग बहुतेक खेळाडूंच्या वाट्याला आला. सुरुवातीला या लुटारूच्या अंगावर कातडी किंवा साधं चिलखत असायचं. खेळाडू विसाव्या लेव्हलच्या पुढे गेला की तोच लुटारू हिरव्या चकाकत्या ‘ग्लास’ चिलखतात उभा राहायचा. ते चिलखत विकलं तर हजारो नाणी सहज मिळाली असती, तरी मागणी शंभराचीच. हे कोडं समजून घ्यायचं तर गेममधला अनुभव कसा मोजतात, तिथून सुरुवात करावी लागते.

बहुतेक रोल-प्लेइंग गेममध्ये शत्रू मारला, कामगिरी पुरी केली की एक्सपिरियन्स पॉइंट, म्हणजे एक्सपी, मिळतात. ठरावीक आकडा गाठला की लेव्हल वाढते, आणि पुढच्या लेव्हलसाठी आधीपेक्षा जास्त एक्सपी लागतात. ऑब्लिव्हियनची रीत वेगळी होती. जे कराल त्यात हात बसेल, हा तिचा पाया. तलवार चालवली की तलवारीचं कौशल्य वाढायचं, धावलं की धावण्याचं, उड्या मारल्या की उड्यांचं. एकूण २१ कौशल्यांपैकी ७ ‘प्रमुख’ म्हणून निवडायची. त्यांत मिळून दहा वेळा वाढ झाली आणि पात्र पलंगावर झोपलं, की लेव्हल एकनं वर.

मोकळ्या जगात खेळाडू कुठंही, कधीही जाऊ शकतो. प्रत्येक ठिकाणी तोडीचा सामना मिळावा म्हणून बहुतेक शत्रूंची ताकद खेळाडूच्या लेव्हलला बांधून टाकली होती. हेतू चांगला होता, पण लेव्हल हा लढाईतल्या बळाचा खरा मापदंड नव्हता, आणि घोळ तिथंच झाला.

समजा, एखाद्यानं धावणं आणि उड्या मारणं ही प्रमुख कौशल्यं निवडली. तो दिवसभर गावोगाव पळत राहिला, दोन्हींत मिळून दहा वाढी झाल्या, रात्री झोपला आणि लेव्हल वाढली. आता तीन गुण वाढवायला मिळतात. शस्त्रांची कौशल्यं या काळात दहा वेळा वाढली असती, तर ‘स्ट्रेंग्थ’ पाचनं वाढवता आली असती. ती वाढलीच नाहीत, म्हणून जेमतेम एकनं वाढते. गुहेतला गोब्लिन मात्र नव्या लेव्हलप्रमाणे तगडा झालेला असतो. काल चार वारांत पडणारा शत्रू आज सहा वार खातो, आणि मेहनत करूनही आपण मागे पडलो असं खेळाडूला वाटतं. ही तक्रार रास्त होती. काही हुशार खेळाडूंनी उलटी युक्ती काढली : जी कौशल्यं वापरायचीच नाहीत ती प्रमुख म्हणून निवडायची, किंवा झोपायचंच नाही. लेव्हल तिथंच, शत्रू दुबळे, आणि मुख्य कथा आरामात पार.

२०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये याच कंपनीनं, बेथेस्डानं, दोन्ही टोकं सुधारली. कौशल्य जितक्या आकड्यावर पोचतं तितके एक्सपी मिळतात : १६ वर गेलं की १६, ५० वर गेलं की ५०. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला १०० लागतात, पुढं दर लेव्हलला २५ ची भर. आता, एखादा व्हाइटरनच्या भट्टीपाशी बसून नुसते खंजीर घडवत राहिला आणि लोहारकाम १५ वरून ५० वर नेलं, तर बेरीज होते ११५५ एक्सपी. सातवी लेव्हल गाठायला ९७५ पुरतात. म्हणजे तलवार म्यानातून न काढताच तो सातव्या लेव्हलवर, आणि वाटेवर त्याच्यासाठी पाचव्या लेव्हलचे लुटारूही तयार. हा धोका पूर्ण गेलेला नाही. पण निदान या लोहाराच्या हाती स्वतः घडवलेली, धार लावलेली शस्त्रं असतात. पळणाऱ्याला तेवढाही आधार नव्हता.

खरी सुधारणा जागांच्या बाबतीत झाली. स्कायरिममध्ये गुहा-किल्ल्यांना किमान लेव्हल, आणि अनेकांना कमाल मर्यादाही, ठरवून दिलेली असते. खेळाडू पहिल्यांदा आत शिरतो तेव्हाची लेव्हल त्या मर्यादेत बसवून जागेवर कायम होते. दहाव्या लेव्हलला घाबरून सोडलेल्या गुहेत तिसाव्या लेव्हलला परत गेलं, तर शत्रू जुन्याच ताकदीचे भेटतात, आणि आपण वाढलो हे हाताला जाणवतं.

काही प्राणी तर खेळाडूकडे पाहतच नाहीत. व्हाइटरनच्या माळावर मॅमथ राखणारा राक्षस कायम ३२ व्या लेव्हलचा असतो. नवखा जवळ गेला की तो आधी पाय आपटून, सोटा उगारून बजावतो. तरीही पुढं सरकलं, तर एकाच फटक्यात खेळ संपतो.