कवळी, दम्याचा पंप आणि तोंडातील बुरशी

तोंड आले की आपल्याकडे पहिले निदान ठरलेले असते, ‘उष्णता वाढली’. मग गुलकंद, जिऱ्याचे पाणी, तूप लावणे सुरू होते. परंतु घरातील वडीलधारे माणूस कवळी लावीत असेल किंवा दम्यासाठी स्टेरॉईडचा पंप ओढीत असेल, तर हे दुखणे बुरशीचे असण्याचा संभव मोठा असतो. आणि बुरशी गुलकंदाला दाद देत नाही.

या बुरशीचे नाव कँडिडा. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात ती मुकाट राहत असते. लाळ तिला धुऊन काढते, शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरते. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून बसते, त्यामुळे तिच्याखाली लाळ पोहोचत नाही. शिवाय कवळीच्या प्लॅस्टिकला बारीक छिद्रे असतात, त्यांत बुरशी घर करते. पंपाचे म्हणाल तर, त्यातील औषधाचा बराचसा भाग फुप्फुसात न जाता जिभेवर, टाळूवर आणि घशात बसतो. स्टेरॉईड सूज उतरविते, त्याचबरोबर त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी करते. दम लागल्यावर तात्पुरता घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप वेगळा, त्यात स्टेरॉईड नसते.

आमच्या परिचयातील एका निवृत्त गिरणी कामगाराची गोष्ट सांगतो. वय ६८, वरची पूर्ण कवळी, आणि सकाळ-संध्याकाळ ब्युडेसोनाईडचा पंप. घशात आणि जिभेच्या मुळाशी दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके आले, आवाज बसला, जेवणाची चव गेली. ‘पंपानेच झाले’ असे म्हणून बाबांनी पंप बंद केला. चौथ्या रात्री ते धाप लागून उठून बसले. सूनबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी पंप पुन्हा सुरू केला आणि दातांच्या डॉक्टरांकडे पाठविले.

तेथे कवळी काढायला लावली, तेव्हा खरा प्रकार दिसला. टाळू लालभडक, आणि तो लाल भाग नेमका कवळीच्या आकाराचा! तेथे पांढरे काहीच नव्हते, दुखतही नव्हते, म्हणून आजवर कोणाचे लक्ष गेले नव्हते. ओठांच्या कोपऱ्यांनाही चिरा होत्या. बाबा पंप ओढल्यावर न चुकता चूळ भरीत, पण कवळी तोंडात ठेवून! तिच्याखाली पाणी पोहोचणार कसे? रात्रीही ते कवळी लावूनच झोपत.

उपचार साधाच होता. क्लोट्रिमाझोलचे तोंडात लावायचे औषध दिवसातून चार वेळा, कवळी काढून टाळूवर, जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांत लावायचे. नंतर अर्धा तास खाणे-पिणे नाही. दोन आठवडे हे चालले. औषधाइतकेच महत्त्व कवळीच्या सफाईला होते, कारण बुरशी कवळीत शिल्लक राहिली तर टाळूवर पुन्हा येणारच. कवळी रोज मऊ ब्रशने साबण लावून घासायची, टूथपेस्टने नव्हे, तिने ओरखडे पडतात. मग क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्यात १५ मिनिटे बुडवून स्वच्छ धुवायची, आणि रात्री तोंडाबाहेर साध्या पाण्यात ठेवायची. उकळते पाणी वापरल्यास कवळी वाकडी होते.

पंपाचा क्रमही बदलला. पंप ओढायचा, लगेच कवळी काढायची, चूळ भरून गुळण्या करायच्या, पाणी थुंकून टाकायचे, कवळी धुऊन मगच बसवायची. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी जोडली तर घशात बसणारे औषध बरेच कमी होते. पावडरच्या कॅप्सूलचे यंत्र असेल तर स्पेसर चालत नाही, तेथे गुळण्यांवरच भर.

बाबांचे ठिपके आठवड्याभरात गेले, टाळूची लाली जायला मात्र जास्त दिवस लागले. कवळी जुनी आणि सैल झाली होती, ती डॉक्टरांनी आतून भरून घट्ट करून दिली, कारण सैल कवळी घासत राहिली की बुरशीला वाव मिळतो.

एवढे करूनही बुरशी परत परत येत असेल तर रक्तातील साखर तपासावी. डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सुचवितात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. गिळताना छातीत दुखू लागले तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तेव्हा वरून लावायचे औषध पुरत नाही, पोटात घेण्याच्या गोळ्या लागतात. रक्त पातळ होण्याची वॉरफरिन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. फ्लुकोनाझोलची गोळी किंवा मायकोनाझोलची जेलसुद्धा तिच्याबरोबर घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो.

आणि एक पाहून ठेवावे. बुरशीचा पांढरा थर ओल्या कापडाने पुसल्यास बहुधा निघतो, खाली लाल जागा दिसते. तंबाखू, मिश्री किंवा गुटख्याची सवय असलेल्या माणसाच्या गालात न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर बुरशीचे औषध लावीत दिवस घालवू नयेत. तो कर्करोगाच्या आधीचा चट्टा असू शकतो, तेव्हा त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना दाखवावा.