बिडातले पापुद्रे, बिडातल्या गोळ्या

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला की त्याचे सरळ दोन तुकडे होतात. पोळ्यांचा पत्र्याचा तवा तसाच पडला तर फार तर त्याची कड वाकते. तुटलेल्या बिडाच्या करड्या कडेवर बोट घासून पाहा, बोट शिसपेन्सिल लागल्यासारखं काळं होईल. ते काळं म्हणजे पेन्सिलीतलंच ग्राफाइट, आणि तवा तुटला तोही त्याच्यामुळेच.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो आणि दोनेक टक्के सिलिकॉन. पोलादात कार्बन याच्या कितीतरी कमी. रस वितळलेला असतो तोवर हा कार्बन त्यात साखरेसारखा विरघळून असतो. रस थिजायला लागला की त्याला आत जागा पुरत नाही आणि तो ग्राफाइट होऊन वेगळा पडतो. वजनात हे ग्राफाइट तीनेक टक्केच, पण ते लोखंडाच्या मानाने फार हलकं असल्यामुळे आकारमानात जवळजवळ दहावा हिस्सा अडवतं. आणि ताकद म्हणाल तर शून्य. म्हणजे लोखंडाच्या दृष्टीने ती पोकळीच. ही पोकळी कोणत्या आकाराची आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

साध्या बिडात, ज्याला फाउंड्रीत ‘ग्रे’ म्हणतात, ग्राफाइट कांद्याच्या सालीसारखं वाकड्यातिकड्या पापुद्र्यांनी पसरतं. तुकडा घासून, आरशासारखा करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या रेघोट्या दिसतात. प्रत्येक रेघेचं टोक धारदार असतं. कापड फाडताना आपण आधी कात्रीने छोटी चीर देतो ना, तशा हजारो चिरा या धातूला जन्मापासून दिलेल्या असतात. ओढलं की ताण त्या टोकांशी गोळा होतो आणि एका रेघेतून दुसरीत तडा धावत जातो. दाबलं तर मात्र चिरा मिटतात. म्हणून बीड ओढण्यापेक्षा दाबण्याला तिप्पट-चौपट सोसतं, आणि लेथचा बेड आजही बिडाचाच असतो. त्याच पापुद्र्यांमुळे यंत्राची थरथर आतल्या आत जिरते.

रस फार वेगाने थंड झाला किंवा सिलिकॉन कमी पडलं, तर कार्बनला वेगळं व्हायला सवडच मिळत नाही. तो लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट नावाचा काचेसारखा कठीण पदार्थ बनतो. हे पांढरं बीड. तुटलेला पृष्ठभाग चांदीसारखा चकाकतो, बोट काळं होत नाही. दळणाच्या गिरण्यांतले गोळे, अस्तराच्या पाट्या यांना ते उत्तम, कारण झिजत नाही. पण ड्रिल त्यात शिरत नाही आणि घणाचा एक फटका पुरतो. साध्या बिडाच्या वस्तूचे पातळ कोपरे लवकर थंड होऊन असे पांढरे पडतात, त्याला ‘चिल’ म्हणतात. मशीन शॉपवाल्याची पहिली तक्रार हीच असते. म्हणून ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतून फोडतात आणि टोकापासून किती भाग पांढरा झाला ते पाहतात.

पापुद्र्यांऐवजी ग्राफाइट गोळीच्या रूपात जमलं तर? ही युक्ती 1948 मध्ये जगापुढे आली. इंग्लंडात हेन्टन मॉरो यांनी सेरियम घालून आणि अमेरिकेत कीथ मिलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम घालून गोळ्या मिळवल्या. टिकलं ते मॅग्नेशियम. रसातलं गंधक आणि प्राणवायू ग्राफाइटला आडवं पसरायला मदत करतात. मॅग्नेशियम त्या दोघांना आधी बांधून टाकतं, मग ग्राफाइट सर्व बाजूंनी सारखं वाढून गोल होतं. गोळीला टोक नाही, त्यामुळे ताण एका जागी साचत नाही. ग्रेच्या नेहमीच्या प्रतीचा एक चौरस मिलिमीटर सुमारे 20 किलो ओढ सोसतो आणि जवळपास न ताणता तुटतो. गोळ्यांचं बीड, कामगारांच्या भाषेत ‘एसजी’, 40 किलो सोसून वर पंधरा टक्के लांब होतं. कार्बन दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच.

हे ऐकायला सोपं वाटतं. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो, हिशेब बारीक आहे. 500 किलो रसाचं लॅडल धरा. तळाच्या खळग्यात साडेसात किलो मिश्रधातू ठेवतात, त्यात सहा टक्के मॅग्नेशियम, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. वर पोलादाच्या चकत्यांचं झाकण. मॅग्नेशियम 1090 अंशांना उकळतं आणि रस चौदाशेच्या वर, तेव्हा रस पडताच डोळे दिपवणारा उजेड आणि पांढरा धूर. निम्मं मॅग्नेशियम असंच उडून जातं. उरतं शंभर किलोमागे 45 ग्रॅम. तेवढं पुरतं, पण ते थांबून राहत नाही. दर मिनिटाला कमी होत जातं आणि दहा-बारा मिनिटांनंतर भरवसा नाही. याला ‘फेडिंग’ म्हणतात.

एका हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे हब आम्ही ओतत होतो. एका लॅडलमधून पंचवीस-पंचवीस किलोचे अठरा. पुढे जोडणीच्या वेळी बेअरिंग दाबून बसवताना एक हब टचकन तडकला. एसजीचा तुटलेला भाग पोलादासारखा उजळ दिसायला हवा, हा काळसर होता. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्या थोड्याच, बाकी जाड्या, आखूड अळ्यांसारखे तुकडे. मॅग्नेशियम निम्म्याहून कमी, शंभर किलोमागे 18 ग्रॅम. पण तपासणीच्या तुकड्याचा अहवाल तर उत्तम होता! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. ओतताना मध्येच क्रेन अडकली होती. शेवटच्या पेट्या सोळाव्या मिनिटाला भरल्या. तपासणीचा तुकडा मात्र लॅडलमधल्या पहिल्याच रसाचा होता. अहवाल खरा होता, पण पहिल्या पेट्यांपुरता.

रेती झाडताना सगळे नग एकत्र झालेले, त्यामुळे शेवटचे कोणते ते ओळखता येईना. जुन्या मिस्त्रींनी उरलेले सतरा हब एकेक करून टांगले आणि हातोडीने ठोकले. एसजी घंटेसारखं खणखणतं, ग्रे बद्द वाजतं. या दोघांच्या मधला आवाज ओळखायला मात्र कान तयार लागतो. मिस्त्रींनी चार बाजूला काढले, पाचव्यावर अडले. मग ध्वनिलहरींचं यंत्र आणलं. गोळ्यांच्या बिडातून आवाज सेकंदाला साडेपाच हजार मीटरच्या वर धावतो, पापुद्र्यांच्या बिडात साडेचार हजारांच्या आसपास, कारण वाटेत भिंती फार. चार हबांचा वेग पाच हजार दोनशेच्या आगेमागे आला. मिस्त्रींचे तेच चार होते, पाचवा बरा निघाला.

ते चार हब भट्टीत गेले. त्या दिवसापासून लॅडलवर खडूने वेळ लिहायची आणि तपासणीचा तुकडा शेवटच्या पेटीनंतर उरलेल्या रसातून ओतायचा, असं ठरलं. ट्रॉलीच्या ब्रेकचे ड्रम मात्र आम्ही ग्रेमध्येच ओतत राहिलो. पापुद्रे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे उष्णता त्यांच्यातून पटकन वाहून जाते, गोळीपाशी मात्र ती वाट तुटते.