तीन दिवस कमी पडले

व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या मावसभावाने ते पुण्याच्या सल्लागाराकडे पाठवलं आणि विचारलं, "साहेब, आता काय?" उत्तर आलं, "व्हिसा देणं-न देणं एम्बसीच्या हातात असतं, आपण काय करणार?" हे वाक्य अर्ध खरं आहे, आणि बहुतेक आईबाप ते ऐकून गप्प बसतात. मावसभाऊ सांगलीचा, आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. त्याने पत्र पुन्हा वाचलं.

मुलाला लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला पैसे दाखवावे लागतात: उरलेली फी, अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. २०२५च्या जुलैमध्ये लंडनबाहेर तो महिना १,१३६ पौंड होता, म्हणजे नऊ महिन्यांचे १०,२२४. त्यात उरलेली फी ९,००० पौंड. मिळून साधारण साडेबावीस लाख रुपये. ही रक्कम नुसती असून चालत नाही. ती सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एकही दिवस त्याखाली जाता कामा नये, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्ज भरण्याच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला असावा लागतो.

पैसे घरात होते. गावच्या सहकारी बँकेत जानेवारीपासून पडून होते. सल्लागार म्हणाला, सहकारी बँक नको, राष्ट्रीयीकृत बँकेत घ्या. सल्ला वावगा नव्हता. ४ जुलैला पैसे नव्या खात्यात आले आणि मोजणी तिथून सुरू झाली. पहिला दिवस ४ जुलै, तर अठ्ठाविसावा ३१ जुलै. सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलीने २८ जुलैपर्यंतचं स्टेटमेंट मागवलं आणि २९ला अर्ज भरून टाकला. २८ तारीख आणि २८ दिवस यांत तिची गल्लत झाली असावी, असा माझा अंदाज. जुन्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मावसभावाने दिलं होतं, तेही जोडलं नाही. नाकारण्याच्या पत्रात एका ओळीचं कारण होतं: रक्कम २५ दिवसच होती.

अभ्यासक्रम सप्टेंबरअखेर सुरू होणार होता. १ ऑगस्टला अर्ज भरला असता तरी चाललं असतं.

आता पैशाचं काय झालं ते पाहू. अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार, १,१६४ पौंड, व्हिसा नाकारला की परत येतो, आणि तो आला. अर्जाची फी ५२४ पौंड, म्हणजे साठेक हजार रुपये, ती मात्र गेली. निर्णयाच्या फेरतपासणीची सोय आहे, २८ दिवसांत ८० पौंड भरून. पण तिथे अधिकाऱ्याने चूक केली का, एवढंच बघतात. अधिकाऱ्याने दिवस बरोबर मोजले होते, त्यामुळे तो रस्ता बंद. उरली सल्लागाराची फी: ६०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०,८००.

मावसभावाने ती मागितली. सल्लागाराने करारातलं कलम दाखवलं: "फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही." खाली सही मावसभावाचीच.

इथे बहुतेकजण माघार घेतात, म्हणून जरा थांबून पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, यात पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली कसूर ही तक्रारीची बाब आहे. 'व्हिसा मिळाला नाही' ही कसूर नव्हे. व्हिसा देण्याचा अधिकार त्या देशाचा, आणि मुलाखतीत मुलगा गडबडला, तर सल्लागाराला जबाबदार धरता येत नाही. पण कागद नीट तपासून, नियमाप्रमाणे लावणं हेच तर त्याने विकलं होतं. ते काम चुकलं की निकाल कुणाच्या हातात होता हा मुद्दाच उरत नाही. आणि एकतर्फी कलमाचं म्हणाल तर, सही आहे म्हणून ते पक्कं ठरत नाही. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन खटल्यात बिल्डरच्या एकतर्फी करारातल्या अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत, असं म्हटलं. तो खटला घराचा होता, व्हिसाचा नाही. तत्त्व मात्र इथेही मांडता येतं.

म्हणजे सगळा भार एका गोष्टीवर: चूक कुणाची, हे दाखवता येतं का? मावसभावाकडे चार कागद होते. नाकारण्याचं पत्र, त्यात कारण लिहिलेलं. फीची जीएसटीसह पावती. 'सर्व कागदपत्रांची तपासणी आणि अर्ज भरणे' असं काम लिहिलेला करार. आणि सगळ्यात मोलाचा, २८ जुलैचा व्हॉट्सअ‍ॅप संवाद. त्यात त्याने विचारलं होतं, "अजून थांबायचं का? दिवस पुरतात ना?" उत्तर होतं, "हो काका, झाले." चॅट त्याने तारखांसकट एक्सपोर्ट करून ठेवलं. भरलेल्या अर्जाची पीडीएफ मात्र त्याच्याकडे नव्हती, कारण अर्जात ईमेल सल्लागाराचा होता. ती मागून घेताना आठवडा गेला. (हा आजार सर्वत्र आहे. ईमेल आपलाच द्या, नाहीतर नाकारल्याचं पत्रसुद्धा दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडतं.)

सल्लागाराचा एक युक्तिवाद तेवढा गंभीर होता: अर्जाखाली 'माहिती मी तपासली आहे' असं प्रतिज्ञापत्र मुलाने मान्य केलेलं. खोटी माहिती असती तर तो मुलाच्याच गळ्यात पडला असता, आणि खोटे कागद लावले असतील तर ब्रिटनमध्ये १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. इथे मात्र माहिती खरी होती, दिवस कमी होते. ते मोजण्यासाठीच तर फी दिली होती.

अनेक सल्लागार विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत, कमिशन विद्यापीठाकडून घेतात. तिथे 'तुम्ही मोबदला दिलाच नाही, मग ग्राहक कसे?' हा प्रश्न उभा राहतो. फुकट सल्ला घेताना हे ध्यानात असलेलं बरं.

मावसभावाने स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, वकिलाशिवाय, दीड पानाची. त्यात तारखा, पंचवीस दिवसांचा हिशेब, चॅटचा उतारा आणि ७०,८०० अधिक अर्जाची फी अशी मागणी होती. मुदत १५ दिवस. शेवटी लिहिलं की नाहीतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सल्लागार पुण्याचा असला तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, तक्रार e-jagriti.gov.in वर घरून भरता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. सल्लागार ६०,००० द्यायला तयार झाला, जीएसटी सरकारकडे गेला म्हणाला. मावसभाऊ म्हणाला, "क्रेडिट नोट काढा, कर तुमच्याच हिशेबात वळता होईल." हे कायद्यात आहे. मग पूर्ण ७०,८०० आले. अर्जाची फी आली नाही. तिच्यासाठी आयोगात जायचं की नाही यावर घरात वाद झाला आणि त्याने 'पूर्ण व अंतिम' तडजोडीवर सही केली. मला ते पटलं नाही, पण त्याला मुलाच्या दुसऱ्या अर्जाची घाई होती.

विद्यापीठाने जानेवारीचा प्रवेश दिला. प्रवेशाचं सीएएस नवं घ्यावं लागलं, कारण वापरलेलं पुन्हा चालत नाही. या वेळी ३० दिवसांचं स्टेटमेंट लावलं आणि अर्ज मुलाने स्वतः भरला. 'यापूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?' या प्रश्नापुढे त्याने 'हो' लिहिलं. असा प्रश्न येईल तिथे त्याला यापुढेही तेच लिहावं लागणार आहे.